चेहऱ्याचे आकडे कसे होतात? मोबाइल आपल्याला ओळखतो तेव्हा नेमकं काय घडतं

ईदनंतर शाळा सुरू झाली आणि नववीतल्या एका मुलीने वर्गात विचारलं, "सर, मोबाइलने ईदचे फोटो माणसांप्रमाणे वेगवेगळे लावले. पण माझे अर्धे फोटो आपाच्या नावाखाली गेले. असं का?"

प्रश्न साधा आहे, पण चेहरा ओळखणारं सॉफ्टवेअर कसं चालतं ते या एका चुकीतून चांगलं समजतं.

आपण चेहरा बघतो, कॉम्प्युटरला मात्र फक्त ठिपके दिसतात. 'डीलिब' नावाचं एक मोफत सॉफ्टवेअर आहे, त्याचंच उदाहरण घेऊ. ते आधी फोटोत चेहरा कुठे आहे ते शोधतं. मग डोळे आणि नाकाच्या जागा पकडून वाकडा चेहरा सरळ करतं आणि 150 बाय 150 ठिपक्यांचा चौकोन कापून घेतं. म्हणजे 22,500 ठिपके झाले, आणि प्रत्येक ठिपक्याच्या रंगाचे तीन आकडे. डोक्यावर ओढणी असली तरी सहसा अडत नाही. नकाबमध्ये नाक-तोंड झाकलेलं असेल तर मात्र काम अवघड होतं.

एवढे आकडे थेट जुळवून उपयोग नाही. उजेड बदलला की सगळेच बदलतात. म्हणून सॉफ्टवेअर त्यांतून फक्त 128 आकडे काढतं. यात एक आकडा नाकाचा, दुसरा भुवईचा, असं काही नसतं. बनवताना त्याला सुमारे 30 लाख फोटो दाखवले गेले. एकाच माणसाचे दोन फोटो असतील तर त्यांचे आकडे जवळ यावेत आणि माणसं वेगळी असतील तर दूर जावेत, असा सराव त्याच्याकडून पुन्हा पुन्हा करून घेतला. त्या सरावातून आकडे काढायची रीत त्याने स्वतःच बसवली.

आता तुलना. 128 ऐवजी तीनच आकडे धरू. समजा, आपल्या मुलीच्या एका फोटोचे आकडे 0.2, 0.5, 0.1 आहेत आणि दुसऱ्या फोटोचे 0.3, 0.3, 0.3. फरक 0.1, 0.2 आणि 0.2. त्यांचे वर्ग करून बेरीज केली की 0.09, आणि त्याचं वर्गमूळ 0.3. हे झालं दोन फोटोंमधलं अंतर. आता एका परक्या मुलीचे आकडे 0.6, 0.9, 0.8 धरा. पहिल्या फोटोपासून तिचं अंतर 0.9 येतं. वहीवर करून बघा.

डीलिबमध्ये साधारण 0.6 ही सीमा धरतात. त्याच्या आत अंतर आलं तर 'तोच माणूस', बाहेर गेलं तर 'वेगळा'. दोन बहिणींचे चेहरे मिळतेजुळते असले की त्यांच्यातलं अंतरही या सीमेच्या आत येऊ शकतं. आपाच्या नावाखाली फोटो गेले ते यामुळेच. सीमा कमी केली तर बहिणी वेगळ्या होतील, पण अंधुक फोटोतली तीच मुलगी परकी ठरेल. एक चूक कमी केली की दुसरी वाढते. सीमा कुठे ठेवायची हे शेवटी माणूस ठरवतो.

म्हणून लक्षात ठेवा, मशीन "हा अमुकच आहे" असं सांगत नाही. "हे आकडे जवळ आहेत" एवढंच सांगतं. आपला फोटो आपल्याच एका फोटोशी ताडला तर चुकीची शक्यता कमी असते. पण एक फोटो लाखो फोटोंत शोधला तर? समजा, हजारात एकदाच चूक होते. तरी एक लाख फोटोंत शंभर परके चेहरे 'जुळले' असं येईल. आणि खरा माणूस त्या यादीत नसला, तरीही कुणीतरी सर्वांत जवळचा निघतोच.

अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्ये हेच झालं. दुकानातल्या चोरीच्या अंधुक व्हिडिओतला चेहरा रॉबर्ट विल्यम्स यांच्या जुन्या लायसन्सच्या फोटोशी जुळला. जानेवारी 2020 मध्ये पोलिसांनी त्यांना बायको-मुलींसमोर घरून उचललं. सुमारे 30 तास ते कोठडीत होते. पोलिसांनी दाखवलेला फोटो त्यांनी स्वतःच्या चेहऱ्याशेजारी धरला, तेव्हा तो माणूस वेगळा आहे हे उघड दिसत होतं. पुढे 2024 मध्ये कोर्टात समझोता झाला: फक्त सॉफ्टवेअरच्या जुळणीवर तिथले पोलीस कुणाला अटक करू शकत नाहीत.

आपल्याकडे दिल्ली पोलिसांनी 2022 मध्ये माहिती अधिकाराच्या उत्तरात सांगितलं की 80 टक्क्यांवरची जुळणी ते बरोबर धरतात. इथे 'टक्के' या शब्दाने फसू नका. 80 टक्के जुळलं याचा अर्थ तो माणूस असण्याची शक्यता 80 टक्के आहे, असा होत नाही. तो फक्त आकड्यांच्या जवळिकीचा मोजमाप आहे.

त्यामुळे "मशीनने चेहरा ओळखला" असं कुणी म्हणालं की तीन गोष्टी विचारायच्या. फोटो किती स्पष्ट होता? किती फोटोंच्या यादीत शोधलं? आणि जुळणीशिवाय दुसरा पुरावा काय आहे?

त्या मुलीचा प्रश्न मात्र लगेच सुटला. तिने ॲपमध्ये चुकीचे फोटो आपाच्या नावातून काढून आपल्या नावात टाकले. घरातल्या माणसाला ते एका नजरेत दिसलं.