पावत्यांची बेरीज म्हणजे आईचा खर्च नव्हे

"गेल्या महिन्याच्या पावत्या काढा, बेरीज करा, तिघांत वाटा." भावंडं आईच्या खर्चाचं बोलायला बसली की हे कुणीतरी म्हणतंच, आणि वर्षभराच्या धुसफुशीचा पाया तिथेच पडतो. पैसे कधी दिले, एवढंच पावती सांगते. घेतलेलं किती दिवस पुरलं, ते तिच्यावर लिहिलेलं नसतं.

समजा, सांगलीत एकट्या राहणाऱ्या आईच्या ऑक्टोबरच्या पावत्या ३३,५०० रुपयांच्या भरल्या. थोरल्याचे डोळे पांढरे! पण त्यातले २४,००० आरोग्यविम्याच्या वार्षिक हप्त्याचे, म्हणजे महिन्याला २,०००. औषधांचं बिल ३,६०० रुपयांचं, पण त्याआधीचं बिल बरोबर दोन महिन्यांपूर्वीचं. म्हणून महिन्याचे १,८००. नऊशेचा सिलिंडरही एकट्या बाईला दोन महिने जातो, त्याचे ४५०. किराणा ४,००० आणि वीज १,००० धरून आकडा येतो ९,२५०.

आता धाकटा खूश. "आईला लागतं तरी किती!"

अहो, पण सोबतीच्या बाई पावती देतात का? भाजीवाला, दूधवाला, धुणंभांडी करणाऱ्या मावशी? हा खर्च पासबुकात शोधावा लागतो. तीन महिन्यांत आईने काढलेल्या रोख रकमेची सरासरी १६,५०० निघाली. त्यातून रोखीच्या पावत्या, इथे किराण्याचे ४,०००, वजा केले की उरतात १२,५००. मग आईला शेजारी बसवून विचारायचं: सोबतीच्या बाईंचे ८,०००, मावशींचे १,५००, दुधाचे १,५००, भाजी-फळांचे १,५००. जुळलं. जुळलं नसतं, तर एखादा खर्च विसरला असता किंवा दोनदा धरला असता.

ऑक्टोबरमध्ये न दिसलेली घरपट्टी (वर्षाला ४,८००) आणि दर तिमाहीच्या तपासण्या (१,८००) यांचे महिन्याला आणखी १,०००. एकूण २२,७५०. आईचं निवृत्तिवेतन १०,७५० वजा जाता भावंडांनी उचलायचे १२,०००.

समान वाटणी म्हणजेच न्याय, हाही एक लाडका समज. तिघांच्या हातात ९०,०००, ६०,००० आणि ३०,००० येत असतील, तर सरसकट चार हजार तिसरीला जड जातात. उत्पन्नाच्या प्रमाणात वाटे पडतात ६,०००, ४,००० आणि २,०००. त्यात ही तिसरी गावातच राहून आईला दवाखान्यात नेत असेल, तर तिच्या त्या वेळेची पावती कुठल्याच पिशवीत सापडणार नाही.

लग्न झालेल्या मुलीवर जबाबदारी नसते? सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात १९८७ साली हा समज खोडून काढला, आणि २००७च्या ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्यातही 'अपत्य' या व्याख्येत मुलगी आहेच.

विमा आहे म्हणून औषधं फुकट नसतात. नेहमीची पॉलिसी मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या खर्चाची असते.

आणि पावत्या पिशवीत जपून भागत नाही. गुळगुळीत थर्मल कागदावरची अक्षरं उष्णतेने आणि प्लास्टिकच्या संपर्काने उडतात, तेव्हा बिल हातात येईल त्याच दिवशी त्याचा फोटो काढून ठेवावा.