५१२ नोंदींत मावलेलं चित्र

१२८ बाय १२८ ठिपक्यांचं रंगीत छायाचित्र म्हणजे संगणकाच्या लेखी ४९,१५२ आकडे. प्रत्येक ठिपक्याचे लाल, हिरवा आणि निळा असे तीन. २०१७ मध्ये डीपमाइंडच्या आरॉन व्हॅन डेन ओर्ड, ओरिऑल विन्याल्स आणि कोराय कावुकचुओग्लू यांनी असं छायाचित्र फक्त १,०२४ क्रमांकांत बसवून दाखवलं. प्रत्येक क्रमांक ० ते ५११ यांपैकीच एक. ३,९३,२१६ बिटांचा ऐवज ९,२१६ बिटांवर आला, म्हणजे जवळपास ४३ पट बचत. त्यातून पुन्हा उभं केलेलं चित्र किंचित धूसर दिसतं, पण कशाचं आहे ते कळतं. या रचनेला व्हीक्यू-व्हीएई म्हणतात.

तिचे तीन भाग आहेत. एन्कोडर छायाचित्र आटवून ३२ बाय ३२ चौकटींची जाळी करतो आणि प्रत्येक चौकटीसाठी आकड्यांची एक ओळ देतो. मधे असतं कोडबुक, म्हणजे तशाच ओळींच्या ५१२ नोंदी. रंगाच्या दुकानातल्या शेड कार्डावर आपल्या मनातली छटा नेमकी सापडत नाही, तेव्हा आपण सर्वांत जवळची निवडून तिचा नंबर सांगतो. इथेही तसंच होतं. शेवटी डिकोडर त्या क्रमांकाची नोंद घेऊन चित्र परत रंगवतो.

अडचण येते ती शिकवताना. मूळ चित्र आणि परत आलेलं चित्र यांतली चूक मोजायची आणि कुठला आकडा किती हलवला तर ती घटेल, हे शेवटापासून सुरुवातीकडे कळवत जायचं, अशी न्यूरल नेटवर्कची शिकण्याची रीत. या निरोपाला ग्रेडियंट म्हणतात. पण एन्कोडरचा आकडा जरासा हलवला तरी जवळची नोंद बहुधा तीच राहते, म्हणून चुकीत काहीच फरक पडत नाही. ग्रेडियंट शून्य येतो आणि निरोप कोडबुकपाशी अडतो.

त्यावरची युक्ती म्हणजे स्ट्रेट-थ्रू अंदाज. डिकोडरकडून नोंदीपर्यंत आलेला ग्रेडियंट जसाच्या तसा उचलून एन्कोडरच्या हाती द्यायचा, मधली निवड जणू झालीच नाही असं समजून. गणिताच्या दृष्टीने ही पळवाटच आहे. नोंद आणि एन्कोडरची ओळ जवळजवळ असतील तरच ती चालते, कारण निरोप एका जागेसाठी काढलेला असतो आणि दिला जातो दुसऱ्याच जागेला.

छोटं उदाहरण घेऊ. एन्कोडरने (२, १) ही ओळ दिली. कोडबुकात दोनच नोंदी आहेत, अ (१, १) आणि ब (४, ३). अंतराचा वर्ग अ पासून १ आणि ब पासून ८, म्हणून अ निवडली गेली. डिकोडरला (१, १) मिळालं आणि त्याने कळवलं, ‘पहिला आकडा वाढवा.’ हा निरोप थेट एन्कोडरला गेला, अ ला तो मिळालाच नाही. मग अ शिकणार कशी? त्यासाठी वेगळा कोडबुक लॉस लावतात. तो या अंतराचा वर्गच असतो, मात्र त्यात एन्कोडरची ओळ स्थिर धरतात आणि फक्त नोंद सरकते. शिकण्याचा वेग ०.१ धरला तर अ (१.२, १) वर येते.

एवढ्याने भागत नाही. एन्कोडरला आकडे कितीही मोठे करायची मोकळीक असते. तो पुढे पळत राहिला तर नोंदी मागून धावतच राहतील आणि अंतर मिटणार नाही. म्हणून तिसरी अट, कमिटमेंट लॉस. अंतर तेच, पण या वेळी नोंद स्थिर आणि ओढला जातो एन्कोडर. मूळ संशोधनात या अटीचं वजन ०.२५ ठेवलं होतं. आपल्या उदाहरणात एकट्या या अटीने २ चा आकडा १.९५ वर येतो. दोन्ही बाजूंनी सरकून १ चं अंतर ०.७५ झालं, आणि स्ट्रेट-थ्रूचा निरोप तेवढा अधिक विश्वासार्ह झाला. हे वजन फार वाढवलं तर मात्र एन्कोडर आहे त्या नोंदीला चिकटून बसतो आणि चित्र सुधारायचा निरोप त्याच्यापर्यंत पोहोचूनही निष्प्रभ ठरतो.

तिन्ही अटी पाळूनही एक बिघाड वारंवार होतो. जी नोंद कधी निवडलीच जात नाही, तिला ओढणारं कुणी नसतं. ती आहे तिथेच पडून राहते आणि पुढेही निवडली जात नाही. नुसत्या चुकीच्या आलेखावरून हे चटकन लक्षात येत नाही. त्यासाठी पर्प्लेक्सिटी मोजतात. सर्व ५१२ नोंदी सारख्याच वापरात असतील तर ती ५१२ येते. वीसच नोंदी वापरात असतील तर वीसच्या वर जात नाही. आकडा असा खाली अडकला की निपचित नोंदी उचलून एन्कोडरच्या ताज्या ओळींच्या जागी नेऊन बसवणं हा रुळलेला उपाय आहे. पुढच्या फेरीत त्या निवडल्या जाण्याची शक्यता त्यामुळे बरीच वाढते.