यादी कुठे अडली?

महिन्याची आठ तारीख, संध्याकाळचे सहा. अकरा तारखेपर्यंत जीएसटीआर-१ भरायचं आहे आणि विक्री विभागातल्या सहकाऱ्याने सात तारखेला द्यायची बिलांची यादी अजून दिलेली नाही. हिशेब विभागातल्या माणसाच्या बोटांवर पहिलं वाक्य येतं ते असं : ‘यादी काल द्यायची होती. कधी देणार?’

वाक्य खोटं नाही, पण वाचणाऱ्याला जाब विचारल्यासारखं वाटतं. मग आपण ते मऊ करायला जातो आणि तिथेच फसतो : ‘तुम्ही खूप गडबडीत असाल, म्हणून पुन्हा एकदा आठवण करतोय. शेवटी धावपळ आमचीच होते...’ शेवटी एक हसरा चेहरा. शब्द सगळे सभ्य, पण ‘पुन्हा एकदा’, ‘आमचीच’ आणि ते तीन टिंब मिळून चक्क टोमणा होतो. रोज ज्याला ‘अरे’ म्हणतो त्याला अचानक ‘आपण’ म्हणणं हाही त्यातलाच प्रकार. माझ्या मते पहिलं रोखठोक वाक्य यापेक्षा बरं. निदान ते सरळ तरी होतं.

टोमणा कुठून येतो? समोरच्याच्या मनात काय चाललंय याचा अंदाज आपण लिहून टाकतो, तिथून. म्हणून तो भाग गाळायचा आणि काम का अडलंय ते सांगायचं. अकराच्या आत बिल चढलं नाही, तर चौदा तारखेला तयार होणाऱ्या ग्राहकाच्या जीएसटीआर-२बीमध्ये ते दिसत नाही आणि त्याचं इनपुट क्रेडिट लांबतं. मग ग्राहकाचा फोन विक्री विभागालाच येतो. हे कारण सहकाऱ्याच्याही कामाचं आहे. तेव्हा असं लिहावं :

‘अरे, बिलांची यादी अजून मिळाली नाही. अकराला रिटर्न भरायचंय आणि ताळमेळ घालायला मला एक दिवस लागतो. उद्या चारपर्यंत देशील का? सगळी बिलं तयार नसतील तर आहेत तेवढी पाठव, उरलेली दहाला सकाळी चालतील. त्यानंतर आलेली या रिटर्नमध्ये बसणार नाहीत, आणि ग्राहकाला क्रेडिट उशिरा मिळेल. कुठे अडलं असेल तर फोन कर.’

यात ‘तू दिली नाहीस’ असं नाही, ‘मिळाली नाही’ असं आहे. मुदत मात्र सैल केलेली नाही. आणि अर्धी यादी चालेल म्हटल्यावर खजील झालेल्या माणसालाही उत्तर देणं सोपं जातं. बरेचदा गप्प बसण्याचं कारण लाजच असते.

एवढं लिहूनही उद्या चार वाजता यादी आली नाही, तर दुसरा मेसेज लिहू नका, फोन करा. आणि साहेबांना मेलमध्ये घ्यायची वेळ आलीच, तर ‘आता त्यांना सांगावं लागतंय’ हे आधी त्यालाच सांगा.