अकरा पिक्सेलचं बटण: मास्कच्या आत मोठं करून काम का करायचं

एका फोटोत मुलाने निळा शर्ट घातलाय. फोटो ७६८ × १०२४ पिक्सेलचा, डोक्यापासून कमरेपर्यंतचा. आपल्याला डिफ्यूजन मॉडेल वापरून त्याच्या अंगावर दुसरा शर्ट चढवायचाय. निकाल लांबून बघितला तर झकास दिसतो, घड्या बरोबर, सावल्या बरोबर. मग बटणपट्टीवर झूम करा. बटणांच्या जागी साबण विरघळल्यासारखे पांढरे ठिपके, काजं गायब, आणि टिपेची रेघ मध्येच कापडात जिरलेली. चेनवाल्या जॅकेटमध्ये तर दातांच्या जागी नुसती राखाडी पट्टी येते.

यावर पहिली प्रतिक्रिया असते ‘स्टेप्स वाढवू’. मी पण आधी तेच केलं होतं. ३० च्या ८० केल्या, वेळ गेला, बटण तसंच राहिलं.

कारण समजायला थोडा हिशोब करू. अशा फोटोत साधारण एक पिक्सेल म्हणजे एक मिलिमीटर धरता येतो. शर्टाचं बटण ११ मिलिमीटरच्या आसपास असतं, म्हणजे फोटोत ते ११ पिक्सेलचं. पण स्टेबल डिफ्यूजनसारखी मॉडेल्स पिक्सेलवर काम करतच नाहीत. आधी व्हीएई नावाचा भाग चित्र प्रत्येक बाजूने ८ पट लहान करतो, आणि सगळी डिफ्यूजन त्या लहान लेटंट जाळीवर चालते. आपला फोटो तिथे ९६ × १२८ चौकोनांचा होतो. ११ भागिले ८, म्हणजे बटणाच्या वाट्याला आलं जेमतेम दीड चौकोन. त्या दीड चौकोनात गोल कडा, चार भोकं आणि मधला दोरा बसवायचाय. एका चौकोनात चार आकडे असतात हे खरं, पण तरी ही मागणी जास्तच आहे.

दोष डिफ्यूजनचा की व्हीएईचा, हे ओळखायची एक सोपी चाचणी आहे. खरा, न बदललेला फोटो घ्या, लेटंटमध्ये न्या आणि तसाच परत आणा. मध्ये डिफ्यूजन नाहीच.

```python
z = vae.encode(x).latent_dist.mode()
y = vae.decode(z).sample
```

इथे `x` चे आकडे -१ ते १ मध्ये हवेत. आता `x` आणि `y` मधलं बटण शेजारी ठेवून बघा. खरं बटण सुद्धा या फेरीतच बिघडत असेल, तर प्रॉम्प्ट आणि स्टेप्स बदलून काही हाती लागणार नाही. माझ्या मते कुठलाही प्रयोग सुरू करण्याआधी ही पाच मिनिटांची चाचणी करावीच.

मग उपाय काय? बटणपट्टीचा तुकडा कापायचा, तो मोठा करायचा, मोठ्या तुकड्यावर इनपेंटिंग करायचं, परत लहान करून मूळ जागी चिकटवायचा. आपल्या फोटोत बटणपट्टीवरचा मास्क धरू ६४ × १६० पिक्सेल. चारही बाजूंनी ४८ पिक्सेलचं पॅडिंग सोडलं की १६० × २५६ होतो. मूळ फोटोच्या ३:४ प्रमाणात बसवायला रुंदी थोडी वाढवून १९२ × २५६. हा तुकडा ४ पट केला की बरोबर ७६८ × १०२४. आता बटण ४४ पिक्सेलचं, लेटंटमध्ये साडेपाच चौकोन. एवढ्यात कडा आणि भोकं बसतात.

डिफ्यूझर्स लायब्ररीत हे सगळं एका पॅरामीटरमध्ये होतं:

```python
out = pipe(prompt="close-up of blue shirt placket, four-hole white buttons",
           image=photo, mask_image=mask,
           width=768, height=1024,
           padding_mask_crop=48, strength=0.5).images[0]
```

मी इथे एसडीएक्सएलचं इनपेंटिंग मॉडेल धरलंय. जुन्या ५१२ वाल्या मॉडेलला एवढा मोठा तुकडा दिला तर ते एकाच बटणाच्या जागी दोन काढण्याची शक्यता वाढते, तिथे ३८४ × ५१२ वरच थांबलेलं बरं.

प्रॉम्प्टकडे लक्ष द्या, कारण इथेच बहुतेक जण आपटतात. मॉडेलला मूळ फोटो दिसतच नाही. त्याच्या दृष्टीने हा तुकडा म्हणजेच अख्खं चित्र. तुम्ही आधीचाच ‘निळा शर्ट घातलेला तरुण’ हा प्रॉम्प्ट ठेवला आणि `strength` एकच्या जवळ ठेवला, तर बटणपट्टीच्या जागी एक इटुकला शर्ट, कधी कधी चिमुकली कॉलर सुद्धा उगवते. बघून हसू येतं, पण मॉडेलने सांगितलेलंच केलेलं असतं. म्हणून प्रॉम्प्ट तुकड्याचा लिहायचा. पॅडिंग सुद्धा याचसाठी असतं: कापड कुठल्या दिशेने वळलंय, उजेड कुठून येतोय हे त्या कडेच्या पट्टीतूनच कळतं. पॅडिंग फार कमी ठेवलं तर टिपेची रेघ मास्कच्या कडेला तुटते, फार वाढवलं तर तुकडा कमी पट मोठा होतो आणि आपण पुन्हा दीड चौकोनाकडे सरकतो. ही ओढाताण संपत नाही, प्रत्येक फोटोत तोल वेगळा साधावा लागतो.

आता परत चिकटवणं. ४४ पिक्सेलचं बटण शेवटी ११ पिक्सेलचंच होणार, मग फायदा काय, असा प्रश्न मला एका ज्युनिअरने विचारला होता. फायदा असा की नीट काढलेलं बटण लहान केलं तर कडा जागेवर राहतात, आणि मुळातच अर्धवट काढलेलं ११ पिक्सेलचं बटण अर्धवटच राहतं. पण हे टाक्यांना लागू होत नाही. शर्टाचा एक टाका साधारण २ मिलिमीटरचा, म्हणजे आपल्या फोटोत २ पिक्सेल. एक पिक्सेल उजळ, एक गडद, ही पिक्सेल-जाळीची शेवटची मर्यादाच झाली. तुकड्यात टाके कितीही सुरेख आले तरी लहान करताना ते पुसले जातात, आणि लहान करायची पद्धत चुकीची असेल तर तिथे लाटांसारखी खोटी नक्षी उमटते. ‘निअरेस्ट’ कधीच वापरू नका, लँक्झोस किंवा एरिया सरासरी घ्या. टाके खरंच दिसायला हवे असतील तर अख्खा फोटोच आधी २ किंवा ४ पट करा आणि तुकडा त्या मोठ्या फोटोवर चिकटवा.

एक गोष्ट मात्र रिझोल्यूशनने सुटत नाही. मॉडेलने काढलेलं बटण स्पष्ट असेल, पण ते *त्या* शर्टाचं असेलच असं नाही. दुकानाच्या फोटोत दोन भोकांचं तपकिरी बटण आहे आणि आपण चार भोकांचं पांढरं, अगदी ठसठशीत काढलं, तर आधीचा पुसट ठिपका निदान गिऱ्हाइकाला फसवत तरी नव्हता. त्यामुळे मी आधी शर्टाच्या खऱ्या फोटोतली बटणपट्टी वाकवून तुकड्यात बसवते आणि मग `strength` ०.३ च्या आसपास ठेवते, म्हणजे मॉडेल फक्त उजेड आणि कडा जुळवतं.

मोजमाप करताना पण सावध राहा. आपला मास्क १०,२४० पिक्सेलचा, फोटो ७,८६,४३२ चा, म्हणजे जेमतेम १.३ टक्के. अख्ख्या चित्रावर एसएसआयएम काढलात तर आधी आणि नंतर जवळपास तोच आकडा येईल, आणि तुम्ही म्हणाल पद्धत चालत नाही. आकडे मास्कच्या चौकोनातच काढा. तुलनेसाठी तोच मास्क, तोच सीड, तोच प्रॉम्प्ट ठेवून तुकडा मोठा न करता एकदा चालवा. आणि बटणं व भोकं हाताने मोजा, निदान पन्नास फोटोंत. कंटाळवाणं काम आहे, पण ‘पाचच्या जागी सहा बटणं’ ही चूक एसएसआयएमच्या आकड्यात वेगळी दिसत नाही.