मूलजवळ वाकलेला त्रिकोण

चंद्रपूर, मूल आणि गडचिरोली नकाशावर जवळजवळ एका रेषेत आहेत. त्यांचे दोन दशांश स्थळांपर्यंतचे अक्षांश-रेखांश घेऊन किलोमीटरमध्ये बदलू आणि चंद्रपूर (0, 0) मानू. मग मूल (38.7, 13.3) आणि गडचिरोली (73.2, 25.5) असे येते.

परिवर्तुळाची त्रिज्या म्हणजे तिन्ही बाजूंचा गुणाकार भागिले D. इथे D = 2(x₁y₂ − x₂y₁), चिन्ह सोडून. गुणाकार 986.9 आणि 973.6, म्हणजे वजाबाकीत फक्त 13.3 उरतात आणि त्रिज्या सुमारे 4,370 किलोमीटर निघते! मूलचा अक्षांश 0.01 अंशाने कमी धरला, तर तीच 620 किलोमीटर होते. तेवढाच वाढवला, तर वर्तुळाचे केंद्र रेषेच्या पलीकडे जाते.

अंतर्वर्तुळाचे केंद्र मात्र असे उडत नाही. समोरच्या बाजूच्या लांबीने प्रत्येक शिरोबिंदूला भार देऊन परिमितीने भागायचे. परिमिती 155 किलोमीटर, शून्याच्या जवळपासही नाही. केंद्र मूलपाशीच राहते. त्रिज्या तेवढी बेभरवशाची: 86 मीटर, आणि अक्षांशातल्या त्याच घटीने 600 मीटर.

परिवर्तुळ काढण्याआधी नुसता D शून्याजवळ आहे का, एवढेच तपासू नये, कारण एकक बदलले की तोही बदलतो. D ला सर्वांत लांब बाजूच्या दुपटीने भागले की त्रिकोणाची उंची मिळते. इथे ती 170 मीटर आहे, तर दोन दशांशांतली चूक 500 मीटरहून अधिक असू शकते. उंची चुकीहून कमी असेल तेव्हा बिंदू एकरेषीय मानावेत आणि परिवर्तुळ काढूच नये.