बेकरीच्या वेबसाइटवर पाव कुणाचा?

साताऱ्यातल्या एखाद्या जुन्या बेकरीला वेबसाइट करायची आहे असं समजा. विकायला खारी, टोस्ट, नानकटाई, पॅटिस, मावा केक आणि ऑर्डरप्रमाणे वाढदिवसाचे केक. वेबसाइट करणारा जो पहिला नमुना दाखवतो, त्यात मात्र काळपट कवचाचे गोल पाव, क्रॉसाँ आणि लाकडी फळीवर भुरभुरवलेलं पीठ दिसतं. फोटो सुरेख असतात, पण त्यातला एकही पदार्थ या दुकानात मिळत नाही.

हे फोटो स्टॉकचे, म्हणजे फोटोंच्या तयार साठ्यातून घेतलेले. त्यांत ‘रॉयल्टी-फ्री’ हा शब्द अनेकांना फसवतो. त्याचा अर्थ फुकट असा नाही. एकदा पैसे भरले की ठरलेल्या अटींत तो फोटो पुन्हा पुन्हा वापरता येतो, एवढाच. फोटोवर ‘एडिटोरियल’ असा शेरा असेल तर तो बातमीसाठी किंवा लेखासाठी असतो, धंद्याच्या जाहिरातीसाठी नाही. शिवाय तोच फोटो दुसऱ्या गावातली बेकरीही घेऊ शकते. फोटो आणखी कुठे कुठे झळकतो आहे, हे गूगल लेन्सवर टाकून पाहता येतं. गूगलवर शोधून उतरवलेला फोटो तर वापरूच नये. तो कुणाचा तरी असतोच.

माझं मत स्पष्ट आहे. गव्हाचं शेत, पीठ, दालचिनीच्या काड्या अशा पार्श्वभूमीच्या चित्रांना स्टॉक चालेल. किंमत लिहून जो पदार्थ विकायचा, त्याचा फोटो त्याच भट्टीतल्या पदार्थाचा हवा. गिऱ्हाईक फोटो पाहून केकची ऑर्डर देतं आणि खोका उघडल्यावर तोच फोटो मोबाइलवर काढून दाखवतं. तिथे परक्या केकचा फोटो असेल तर दुकानदाराकडे उत्तर नसतं. पदार्थाचं खोटं वर्णन करणारी जाहिरात 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणारी ठरते, हेही लक्षात असू द्या.

आयकॉनचं काम वेगळं. घरपोच सेवेसाठी स्कूटर, वेळेसाठी घड्याळ, पत्त्यासाठी खूण, एवढ्यासाठीच ते घ्यावेत आणि सगळे एकाच संचातले घ्यावेत. नाहीतर एकाची रेघ जाड, दुसऱ्याची बारीक, असं विजोड दिसतं. बरेच फुकट आयकॉन चित्रकाराचं नाव पानावर देण्याच्या अटीवर मिळतात. नाव द्यायचं नसेल तर पैसे भरून परवाना घ्यावा. शाकाहार-मांसाहाराची खूण मात्र आयकॉनच्या साठ्यातून निवडायची गोष्ट नव्हे, ती अन्नसुरक्षा नियमांनी ठरवून दिलेली आहे. चौकोनातला हिरवा ठिपका शाकाहारी पदार्थाचा. या नियमांत अंडं मांसाहारी गणलं जातं, त्यामुळे अंड्याच्या केकला हिरवी खूण लावता येत नाही. मांसाहाराचा पूर्वीचा तपकिरी ठिपका जाऊन 2020च्या नियमांत चौकोनात तपकिरी त्रिकोण आला. जुन्या संचांत अजून ठिपकाच सापडतो.

खरा खर्च करायचा तो फोटोग्राफरवर. चाळीस पदार्थ असतील तर पहिल्या दिवशी चाळीसांच्या मागे लागू नका. सर्वांत जास्त खपणारे बारा निवडा आणि त्यांचा क्रम भट्टीच्या वेळापत्रकावर बसवा. खारी निघाल्यावर लगेच टिपावी, कारण पावसाळी हवेत तिचे पापुद्रे पाहता पाहता मऊ पडतात. पाव कापलेला दाखवायचा तर आधी पूर्ण निवू द्या. गरम कापला की आतला भाग चिकट, दबलेला दिसतो. क्रीमचा केक फ्रिजमधून काढला की त्यावर दव धरतं, आणि फार वेळ बाहेर ठेवला तर क्रीम ओघळतं. म्हणून मांडणी आणि कॅमेरा आधी दुसऱ्याच केकवर बसवून घ्यावा आणि खरा केक शेवटी आणावा.

उजेड बाजूच्या खिडकीतून यावा आणि समोरून थर्माकोलचा पांढरा पत्रा धरावा. दुकानातली ट्यूबलाइट तेव्हा बंदच हवी. दोन प्रकारचे उजेड मिसळले की क्रीम एका बाजूने पिवळं, दुसऱ्या बाजूने निळसर येतं आणि ते नंतर धडपणे सुधारत नाही.

आता कागदपत्रं. 1957च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 नुसार, मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक काढून घेणारा असतो, पण वेगळा करार नसेल तरच. अंदाजपत्रकाच्या तळाशी ‘हक्क फोटोग्राफरकडे राहतील’ अशी बारीक ओळ असली आणि तुम्ही त्यावर सही केली, तर उद्या तेच फोटो खोक्यावर किंवा फलकावर छापायला पुन्हा पैसे मोजावे लागू शकतात. म्हणून वेबसाइट, खोके, फलक आणि समाजमाध्यमं या चारही वापरांचा उल्लेख सहीपूर्वी करून घ्या. शेवटचा हप्ता देण्याआधी मोठ्या आकाराच्या मूळ फाइल आपल्या संगणकावर उघडून पाहा.