हृषीकेशचा ‘ऋषी’ करताना

परदेशातल्या ऑफिसात आपण रुजू होण्याआधीच आपलं नाव तिथे पोचलेलं असतं. ईमेलच्या यादीत असतं, मीटिंगच्या निमंत्रणात असतं. सहकारी ते आधी वाचतात आणि मग ऐकतात. त्यामुळे लांब मराठी नावाच्या वाटेत जिभेच्या आधी रोमन स्पेलिंग आडवं येतं. ऑफिसपुरतं सुटसुटीत नाव निवडायचं, तर ते उच्चारायला सोपं आहे का, एवढंच पाहून भागत नाही. न सांगता ते बरोबर वाचलं जातं का, हेही पाहावं लागतं.

हृषीकेश हेच नाव घ्या. आपण ‘हृ’चा उच्चार ‘ह्रु’ करतो, म्हणून पुष्कळ जण ते Hrushikesh असं लिहितात. इंग्रजीत hr ने सुरू होणारे शब्द नाहीत, त्यामुळे वाचणारा उंबरठ्यावरच अडखळतो. घरची हाक ‘हृषी’ ठेवून Hrushi लिहिलं, तरी तो hr तिथेच राहतो. h गाळून Rushi केलं, तर त्यातला u इंग्रजी rush सारखा वाचला जातो आणि समोरचा ‘रशी’ म्हणतो. मागचा तुकडा Kesh घ्यावा, तर तो ‘कॅश’च्या जवळ जातो. उरतं Rishi. ते पाहताक्षणी बरोबर वाचलं जातं. शिवाय 2022 ते 2024 या काळात ऋषी सुनक ब्रिटनचे पंतप्रधान होते, त्यामुळे अनेकांना ते ओळखीचंही आहे.

सामासिक नाव जिथे जोडलेलं असतं तिथे तोडलं, तर तुकडा सहसा सुबक निघतो. शिकागो विद्यापीठातले खगोलशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांना सगळे ‘चंद्रा’ म्हणत, आणि 1999 साली नासाने अवकाशात सोडलेल्या क्ष-किरण दुर्बिणीलाही हेच नाव मिळालं. पण जोड सापडली म्हणजे काम झालं असं नाही. ज्ञानेश्वरचा ‘ज्ञान’ केला, तरी Dnyan मधल्या पहिल्या तीन अक्षरांची गाठ सुटत नाही.

निवडलेलं नाव त्या त्या देशाच्या भाषेत तपासून घ्यावं. जर्मनमध्ये j चा उच्चार ‘य’ होतो, म्हणून जयश्रीने Jaya लिहिलं की तिला ‘याया’ ऐकावं लागेल. जपानीत ‘रिशी’ म्हणजे व्याज. बँकेत काम करणाऱ्या ऋषीची थोडी थट्टा होईल, एवढंच. हार्दिकने मात्र नावाचा उत्तरार्ध घेऊ नये, इंग्रजीत ती शिवी आहे. यावर साधा उपाय असा: नाव कागदावर लिहून दोन-तीन स्थानिक सहकाऱ्यांपुढे ठेवावं, स्वतः काही बोलू नये आणि ते कसं वाचतात ते ऐकावं. वाचताना कुणी गालात हसलं, तर कारण विचारावं.

यानंतरचा प्रश्न असतो हे नाव कुठे वापरायचं आणि कुठे नाही याचा. भारतीय पासपोर्टवर मधल्या नावासाठी वेगळी जागा नसते. आपल्याकडे वडिलांचं नाव लावायची रीत, त्यामुळे पुष्कळ मराठी पासपोर्टांत ते पहिल्या नावालाच चिकटून येतं, HRUSHIKESH VASANT असं. ऑफिसने तीच नोंद उचलली, तर स्क्रीनवर दोन्ही नावं झळकतात आणि यातलं नेमकं कोणतं हाक मारायचं, हे कुणाला कळत नाही. म्हणून पहिल्याच आठवड्यात मनुष्यबळ विभागाला सांगून स्क्रीनवर दिसणारं नाव बदलून घ्यावं. अनेक कंपन्यांच्या प्रणालीत कायदेशीर नाव आणि वापरातलं नाव यांच्या नोंदी वेगळ्या ठेवता येतात. ईमेल आणि मीटिंगमध्ये Rishi Kulkarni दिसावं, सहीखाली पूर्ण नाव असावं.

कागदपत्रांत मात्र ही सूट नाही. नेमणूकपत्र, पगाराची नोंद, बँक, व्हिसा आणि अनुभवाचा दाखला यांवर पासपोर्टवरचंच नाव हवं. सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो विमानाच्या तिकिटात. प्रवासाचं बुकिंग करणारा सहकारी आपल्याला ऋषी म्हणूनच ओळखतो, तो सहज तेच नाव टाकतो. तिकीट आणि पासपोर्ट यांवरची नावं जुळली नाहीत, तर विमानतळावर अडवलं जाऊ शकतं. तेव्हा तिकीट हाती येताच पहिली नजर नावावर टाकावी.

ज्यांना नाव तोडणं मान्यच नाही, त्यांनी ते तोडू नये. लिंक्डइनवर दहा सेकंदांपर्यंत स्वतःच्या आवाजात नावाचा उच्चार नोंदवता येतो. सहीखाली Ru-shi-kesh अशी फोड दिली, तरी बरीच मदत होते. दोन्हींपैकी काहीही करा, पण पहिल्या दिवशीच आणि स्वतःहून करा. आपण गप्प राहिलो की सहकारी त्यांना झेपेल ते नाव पाडतात, आणि एकदा रुळलेलं नाव पुढे बदलणं फार अवघड जातं.